लाखोळी डाळीची भेसळ : ओळख, परीक्षण व कायदा

पूर्व विदर्भात, विशेषतः भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या धानपट्ट्यात, धानाच्या बांधीतील ओलीवर घेतले जाणारे कडधान्य म्हणजे लाख किंवा लाखोळी (लॅथिरस सटायव्हस). स्वस्त असल्याने तिची डाळ तुरीच्या वा हरभऱ्याच्या डाळीत आणि पीठ बेसनात मिसळले जाते. अन्न सुरक्षा अधिकारी पदाच्या परीक्षेत भेसळ परीक्षणाची तयारी करताना हे प्रकरण नीट समजून घ्यावे लागते, कारण एकाच आम्लाने येणाऱ्या गुलाबी रंगाचे येथे तीन अर्थ होतात.

लाखोळी दीर्घकाळ मुख्य अन्न म्हणून खाल्ल्यास पाय ताठर होऊन चालणे अवघड होते. मध्य भारतातील सागर भागातील अशा साथीचे वर्णन साधारणतः 1830 च्या दशकातील मानले जाते. कारणाविषयी बराच काळ मतभेद होते. 1964 मध्ये बियांतून ओडॅप हे विषारी अमिनो आम्ल वेगळे झाल्यावर तेच कारण ग्राह्य धरण्याकडे कल झाला.

डोळ्यांनी पाहता लाखोळीचा दाणा पाचरीसारखा, एका बाजूने तिरपा दिसतो. तुरीचा गोलसर असतो. बेसनात हा आधार नसतो. तेथे आधी थंड परीक्षण करावे: चिमूटभर नमुना पाण्यात हलवून तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाचे काही थेंब टाकावेत. लगेच आलेला गुलाबी-जांभळा रंग पाणी घातल्यावरही टिकला तर मेटानिल यलो हा कृत्रिम पिवळा रंग, नाहीसा झाला तर हळद. थंडीत रंग आला नाही, तर वेगळ्या नमुन्यात 50 मि.ली. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल घालून ते मंद उकळत्या पाण्यावर सुमारे 15 मिनिटे ठेवावे. हळूहळू गुलाबी छटा आल्यास लाखोळीचा संशय पक्का होतो. क्रम उलटा केल्यास मेटानिल यलोचा रंग लाखोळीचा समजला जातो. या परीक्षणातून ओडॅपचे प्रमाण मात्र कळत नाही. म्हणून रतन, प्रतीक, महातिवडा या कमी ओडॅपच्या वाणांचा वेगळा निवाडा त्यावरून होत नाही.

2011 च्या विक्री-प्रतिबंध विनियमांत लाखोळी, तिचे पदार्थ व हरभऱ्यासह तिचे मिश्रण यांच्या विक्रीस मनाई आहे. मात्र ती संबंधित राज्य शासनाने अधिसूचित केलेल्या दिनांकापासून लागू होते. ही अट उत्तरांत अनेकदा सुटते. शेतात पीक घेणे आणि बाजारात डाळ विकणे या बाबी येथे वेगळ्या ठेवाव्यात. मेटानिल यलो मात्र परवानगी असलेल्या रंगांत नाहीच.

रंग-परीक्षण हा केवळ संशयाचा आधार. खटल्यासाठी अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 च्या कलम 47 प्रमाणे नमुन्याचे चार भाग करावे लागतात. विश्लेषकाने 14 दिवसांत अहवाल द्यायचा असतो आणि त्यावर 30 दिवसांत अपील करता येते. अन्न असुरक्षित ठरले तर कलम 59 लागते. इजा झालेली नसल्यास 2023 च्या जनविश्वास दुरुस्तीनंतर शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद व तीन लाखांपर्यंत दंड अशी आहे. जुन्या पुस्तकांत सहा महिने व एक लाख असेच आढळते.