अंदाजपत्रकासोबतचा आराखडा कसा वाचावा: लॉलिपॉप आणि सॉकेट

सॉफ्टवेअर बनवून देण्याच्या आमच्या प्रत्येक अंदाजपत्रकाला एका पानाचा आराखडा जोडलेला असतो. त्यात चौकटी, काड्या, गोळे आणि अर्धगोल दिसतात. बरेच ग्राहक शेवटची रक्कम पाहून हे पान बाजूला ठेवतात. सही करण्याआधी दहा मिनिटं तरी त्यावर नजर फिरवावी, अशी आमची मनापासून विनंती आहे. पुढे कशासाठी जादा पैसे मोजावे लागू शकतात, हे त्यावरून आधीच कळतं.

सॉफ्टवेअरची रचना चित्रांत मांडण्याची यूएमएल नावाची एक ठरलेली पद्धत आहे; तिच्यात या आराखड्याला कंपोनंट डायग्राम म्हणतात. लालबागमधल्या एका मसाल्याच्या दुकानाचं उदाहरण घेऊ. तिथे चार चौकटी आहेत: बिलिंग, वजनकाटा, साठा आणि पेमेंट. प्रत्येक चौकट म्हणजे सॉफ्टवेअरचा स्वतंत्रपणे बदलता येणारा एक घटक. चौकटीवर `«component»` असं लिहिलेलं असतं किंवा वरच्या उजव्या कोपऱ्यात डावीकडे दोन दाते असलेलं छोटं चिन्ह असतं. जुन्या आराखड्यांत अख्खी चौकटच तशा दात्यांची काढत. अर्थ तोच.

वजनकाट्याच्या चौकटीतून एक काडी बाहेर येते आणि तिच्या टोकाला पूर्ण गोळा असतो. हा लॉलिपॉप. त्यावर `IWeight` लिहिलंय, म्हणजे ‘वजन सांगण्याचं काम मी करून देतो’. बिलिंगच्या चौकटीतून निघालेल्या काडीच्या टोकाला वाटीसारखा अर्धगोल आहे. हा सॉकेट. त्यावरही `IWeight` आहे, म्हणजे ‘वजन सांगणारं कुणीतरी मला लागतं’. गोळा वाटीत बसला की जोडणी झाली.

इथे जवळजवळ सगळ्यांचाच एक गोंधळ होतो. घरातल्या बोर्डावरचा सॉकेट वीज देतो, म्हणून आराखड्यातला सॉकेटही देणारा असेल असं वाटतं. इथे नेमकं उलटं आहे: सॉकेट मागणारा, लॉलिपॉप देणारा. विजेचा बोर्ड विसरून शाळेतला उखळीचा सांधा आठवलात तर आकार पटकन लक्षात राहतो. शिवाय ही चिन्हं माहिती कुठून कुठे जाते ते दाखवत नाहीत. मागणी बिलिंगकडून काट्याकडे जाते आणि वजनाचा आकडा उलट दिशेने परत येतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. या दुकानाच्या पहिल्या आराखड्यात बिलिंगला आणखी एक सॉकेट होता, `IPayment`, आणि त्यात कुठलाच गोळा बसलेला नव्हता. पेमेंटची चौकट होती, पण तिला तो लॉलिपॉपच काढलेला नव्हता. रिकामा सॉकेट म्हणजे न भागलेली गरज. ती कोण भागवणार, आम्ही की तुम्ही नेमलेली दुसरी कंपनी, आणि तो खर्च रकमेत धरलाय का, हे तिथल्या तिथे विचारा. साठ्याच्या चौकटीला `IStockReport` असा लॉलिपॉप होता, तो कुणीच वापरत नव्हतं. त्याची काळजी नको. उद्या हिशेबनीसांसाठी वेगळं सॉफ्टवेअर घेतलंत तर ते तिथे जोडता येईल.

चित्राला मर्यादाही आहे आणि ती आम्ही अनुभवाने शिकलो. एका दुकानात जुना काटा बदलून नवा आणला. आमच्या आराखड्यात दोन्ही काट्यांना तोच `IWeight` लॉलिपॉप होता, त्यामुळे जोडणी बिनधोक वाटली. जुना काटा ग्रॅममध्ये `250` पाठवायचा आणि नवा किलोमध्ये `0.250`. बिलिंगने तो आकडाही ग्रॅम समजूनच घेतला. किलोला ८०० रुपये भाव असलेल्या पाव किलो मसाल्याचं बिल २०० रुपयांऐवजी २० पैसे झालं. पहिल्याच बिलाला ते दिसलं, म्हणून थोडक्यात निभावलं. गोळा आणि वाटी यांवर फक्त नाव असतं. एकक कोणतं, काटा स्थिर झाला नसेल तर काय पाठवायचं, केबल निघाली तर काय, यातलं काहीच त्या चिन्हांत मावत नाही.

तेव्हापासून प्रत्येक लॉलिपॉपसाठी आम्ही `«interface»` अशी वेगळी चौकट देतो. त्यात `getWeight()` सारखी कामांची नावं आणि शेजारी ‘वजन ग्रॅममध्ये’ अशी स्पष्ट टीप असते. किलो पाठवणाऱ्या काट्याच्या लॉलिपॉपला आता `IWeightKg` असं वेगळं नाव देतो. मग तो बिलिंगच्या वाटीत थेट बसूच शकत नाही आणि मध्ये एक छोटी चौकट घालावी लागते. तिच्या एका बाजूला `IWeightKg` चा सॉकेट असतो आणि दुसऱ्या बाजूला `IWeight` चा लॉलिपॉप. आत हजाराने गुणण्याचं काम होतं. बिलिंगला हात लावावा लागत नाही.

बैठकीला येताना हे पान आणि पेन्सिल घेऊन या. रिकाम्या दिसणाऱ्या प्रत्येक सॉकेटभोवती खूण करा आणि जो काटा, प्रिंटर किंवा पेमेंटची सोय पुढच्या वर्षभरात बदलायचा विचार असेल, त्याच्या लॉलिपॉपवरही. चर्चा तिथूनच सुरू करू.