झाकोळलेलं निदान: बौद्धिक अक्षमता आणि मनोविकार यांच्यातली जुनी गल्लत

१९८२ मध्ये स्टीव्हन रीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत एक साधा प्रयोग केला. एका माणसाला भीतीनं इतकं ग्रासलंय की त्याचं रोजचं जगणं अडलंय, असं वर्णन त्यांनी मानसशास्त्रज्ञांना वाचायला दिलं. मजकूर सगळ्यांना तोच होता. फक्त काहींच्या कागदावर त्या माणसाला बौद्धिक अक्षमता असल्याची माहिती जोडलेली होती. तेवढ्यानंच ती भीती कमी महत्त्वाची ठरली. अक्षमतेचा उल्लेख नव्हता तिथे जी भीती विकार म्हणून नजरेत भरत होती, ती इथे अक्षमतेचाच भाग वाटू लागली. रीस यांनी याला 'डायग्नोस्टिक ओव्हरशॅडोइंग' म्हटलं. म्हणजे एका निदानाची सावली इतकी गडद की तिच्याखालचं दुसरं दिसतच नाही.

पुढच्याच वर्षीचा अभ्यास जास्त अस्वस्थ करणारा आहे. अशा रुग्णांसोबत भरपूर काम केलेले व्यावसायिक तरी यातून सुटतात का, हे रीस आणि स्झिस्को यांनी तपासलं. अनुभवानं हा परिणाम पुसला जात नव्हता. त्यामुळे 'अजून अनुभव हवा' हे नेहमीचं उत्तर इथे पुरत नाही. दोष डॉक्टरच्या नजरेत जितका आहे, तितकाच त्याला शिकवलेल्या प्रश्नांमध्ये आहे, आणि त्या प्रश्नांची मुळं बरीच जुनी आहेत.

१६९० मध्ये जॉन लॉकनं वेडा आणि मंदबुद्धी यांच्यात रेघ ओढली होती. वेडा माणूस चुकीच्या कल्पना जोडून त्यांवरून तर्क करतो, मंदबुद्धी माणूस फारसा तर्क करतच नाही, असं त्याचं म्हणणं. १८३८ मध्ये फ्रेंच डॉक्टर एस्किरोल यानं तीच रेघ आणखी ठळक केली: ज्याची बुद्धी आजारानं गेली तो श्रीमंतीतून गरीब झालेला, आणि जन्मतःच बुद्धी कमी असलेला आधीपासूनच गरीब. हे वेगळं काढणं त्या काळी उपयोगाचंही होतं, कारण एकाला बरं करायचं होतं आणि दुसऱ्याला शिकवायचं होतं. इंग्लंडात १८८६ मध्ये जन्मतः बुद्धी कमी असलेल्यांसाठी स्वतंत्र कायदाही आला. पण कायदे, संस्था आणि प्रशिक्षण वेगळं होत गेलं तशी एक समजूत आपोआप मुरत गेली, की माणूस एकतर या खान्यात असतो नाहीतर त्या. दोन्हींत एकाच वेळी असणाऱ्याचं काय, हे विचारायला बराच काळ कोणी नव्हतं.

आकडे हाती आल्यावर ही समजूत टिकायला नको होती. १९६०च्या दशकात इंग्लंडच्या आइल ऑफ वाइट बेटावर मायकेल रटर आणि सहकाऱ्यांनी मुलांची पाहणी केली. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांमध्ये मानसिक विकारांचं प्रमाण इतर मुलांच्या कितीतरी पट निघालं. तरीही १९८३ मध्ये रॉबर्ट सोव्हनर आणि ॲन हर्ली यांना एका मोठ्या मानसोपचार नियतकालिकातल्या लेखाच्या शीर्षकातच विचारावं लागलं, की या लोकांना नैराश्यासारखे भावनिक विकार होतात का. होतात, असं त्यांचं उत्तर होतं.

होतात, तर दिसत का नाहीत? याचं सर्वांत कामाचं स्पष्टीकरण सोव्हनर यांनीच १९८६ मध्ये दिलं. त्यांनी चार अडथळे मांडले. पहिला असा, की मनोविकाराचे निकष रुग्णाच्या बोलण्यावर उभे आहेत. अपराधी वाटणं, भविष्य अंधारलेलं वाटणं, कानात आवाज येणं हे सगळं माणसानं स्वतःकडे पाहून शब्दांत सांगावं लागतं. ज्याला ते जमत नाही त्याच्या बाबतीत निकषाची ती चौकट रिकामी राहते आणि रिकामी चौकट 'लक्षण नाही' अशी वाचली जाते. दुसरा अडथळा अनुभवाच्या मर्यादेचा. उन्मादात एखादा माणूस आपण मोठा उद्योगपती असल्याचं सांगेल. आयुष्यभर दुसऱ्यांच्या देखरेखीत राहिलेली व्यक्ती 'मी गाडी चालवणार' एवढंच म्हणेल. भव्यतेचा भ्रम तोच असतो, पण तो इतका साधा दिसतो की कोणी हसून सोडून देतं. तिसरा, ताण आला की काहींचं वागणं एकदम विस्कटतं आणि ते सायकोसिससारखं, म्हणजे वास्तवाचं भान सुटल्यासारखं भासतं. चौथा अडथळा रोजच्या ओपीडीत सर्वांत जास्त भेटतो. जी वागणूक आधीपासून थोडी होती, तीच आजारात वाढते. आधी आठवड्यातून एकदा स्वतःला चापट मारणारा माणूस आता दिवसातून दहा वेळा मारतो आणि घरचे म्हणतात, 'तो तसा आधीपासूनच आहे.' ते खोटं बोलत नसतात, म्हणूनच हे पकडणं अवघड.

यातून एक बदल पुढे आला, जो मला या सगळ्या इतिहासातला खरा वळणबिंदू वाटतो. इतर माणसांशी तुलना करण्याऐवजी त्या व्यक्तीची तुलना तिच्याच आधीच्या अवस्थेशी करायची.

प्रश्न विचारण्याच्या पद्धतीतही एक सापळा होता. तो कॅरल सिगेलमन आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये उघडा केला. परस्परविरोधी प्रश्न वेगवेगळ्या वेळी विचारले, तर बौद्धिक अक्षमता असलेल्या अनेक व्यक्ती दोन्हींना 'हो' म्हणत होत्या. समोरच्याला खूश ठेवणं आणि प्रश्न न कळल्याचं लपवणं हे आयुष्यभराचं वळण त्यामागे असतं. 'हे की ते' असं विचारलं तर शेवटी ऐकलेला पर्याय निवडला जाण्याचीही शक्यता असते. म्हणजे 'आवाज ऐकू येतात का?' याला मिळालेलं 'हो' एकट्यानं काहीच सांगत नाही. या जाणिवेतून मँचेस्टरमध्ये स्टीव्ह मॉस यांच्या गटानं १९९०च्या दशकात 'पास-ॲड' ही मुलाखतपद्धत तयार केली. त्यात रुग्णाशी आणि त्याला चांगलं ओळखणाऱ्या माणसाशी स्वतंत्रपणे बोलतात, आणि महिन्यांचा हिशेब विचारण्याऐवजी आठवणीतल्या एखाद्या घटनेला धरून काळ ठरवतात.

प्रत्यक्षात हे कसं चालतं, ते एका उदाहरणातून पाहू. उदाहरण रचलेलं आहे, पण त्यातले तुकडे नेहमीचे आहेत. ३४ वर्षांची एक स्त्री, डाऊन सिंड्रोम, दोन-तीन शब्दांची वाक्यं बोलते, आईजवळ राहते, दिवसा एका कार्यशाळेत वस्तू पाकिटबंद करायला जाते. चार महिन्यांपासून बाहेर पडायला नको म्हणते, कानावर चापट मारते, स्वतःशी पुटपुटते, पहाटे चारला उठून बसते. 'डाऊनमध्ये असं होतंच,' असं सांगून तिला आधी रिस्पेरिडोन हे सायकोसिसवरचं औषध सुरू झालेलं आहे.

पहिलं काम कॅलेंडर घेऊन आईजवळ बसण्याचं. 'काय त्रास आहे?' या प्रश्नाला आई 'हट्टी झालीये' म्हणते आणि त्यातून काही हाती लागत नाही. म्हणून विचारायचं ते असं: मागच्या वर्षी या दिवसांत सकाळी ती कशी उठायची? पुटपुटणं कधीपासूनचं? उत्तर येतं, पुटपुटणं लहानपणापासूनचं, दिवसभरात घडलेलं ती रात्री बोलून दाखवते. चापट मारणंही जुनंच, पण महिन्यातून एखाद्या वेळी. पहाटे उठणं, जेवण टाकणं आणि पाच किलो वजन उतरणं मात्र नवं. कार्यशाळेतल्या बाई स्वतंत्रपणे सांगतात, की तिच्या शेजारी कित्येक वर्षं बसणाऱ्या देखरेख करणाऱ्या बाई पाच महिन्यांपूर्वी काम सोडून गेल्या. आईला हे माहीतच नव्हतं.

मग शरीर. डाऊन सिंड्रोममध्ये थायरॉइड मंदावणं आणि ऐकू कमी येणं वारंवार आढळतं, म्हणून त्या तपासण्या मनोविकाराच्या आधी. थायरॉइड ठीक निघतं, पण कानात मळाचा कडक खडा सापडतो. तो काढल्यावर चापट मारणं बरंच कमी होतं. इथे थांबण्याचा मोह होतो, आणि तिथेच दुसऱ्यांदा झाकोळ पडू शकतो. झोप, भूक आणि वजन तसंच आहे.

तिच्याशी बोलणं शेवटी, तिच्या ओळखीच्या खोलीत, आधी तिच्याकडे पाहून आणि तिच्याच नावानं. आई तिथे असते, पण तिनं उत्तर द्यायचं नाही असं आधीच ठरलेलं. प्रश्न एका वेळी एक, आणि प्रत्येकानंतर अवघडल्यासारखं वाटेपर्यंत थांबायचं. 'रडू येतं?' ला हो, 'हसू येतं?' लाही हो. ती दोन्ही उत्तरं बाजूला ठेवावी लागतात. चेहऱ्यांची चित्रं पुढे ठेवल्यावर ती उदास चेहऱ्यावर बोट ठेवते. चित्रांच्या जागा बदलल्यावरही त्याच चेहऱ्यावर. कार्यशाळेचा फोटो दाखवल्यावर म्हणते, 'ती नाही येत.'

निदान नैराश्याचं होतं. रिस्पेरिडोन हळूहळू कमी करतात, कारण त्या गुंगीनं चित्र आणखी धूसर केलं होतं. नैराश्यविरोधी औषध अगदी कमी मात्रेनं सुरू होतं, आणि गेलेल्या बाईंशी भेट ठरवून त्या का गेल्या हे तिला फोटोंच्या मदतीनं सांगितलं जातं. सुधारणा मोजायला आईला तीनच नोंदी ठेवायला सांगितल्या जातात: झोपेचे तास, चापटा, वजन. पुटपुटणं नोंदीत नाही. ते तिचं स्वतःचं आहे आणि बरं झाल्यावरही राहील.

निकष बदलले तर काय फरक पडतो, हे नंतर आकड्यांत दिसलं. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ सायकियाट्रिस्ट्सनं २००१ मध्ये 'डीसी-एलडी' ही बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांच्या मनोविकारांसाठीची वेगळी वर्गवारी प्रसिद्ध केली. तिच्यात चिडचिडेपणाला उदासीच्या बरोबरीचं स्थान मिळालं आणि आधीच्या वागणुकीत झालेली वाढ लक्षण म्हणून धरली गेली. २००७ मध्ये सॅली-ॲन कूपर यांच्या गटानं ग्लासगोमधल्या बौद्धिक अक्षमता असलेल्या १,०२३ प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अनुभवी डॉक्टरांच्या तपासणीत ४०.९ टक्के व्यक्तींना काही ना काही मानसिक विकार होता. डीसी-एलडीनं ३५.२ टक्के सापडले. सर्वसाधारण लोकसंख्येसाठी बनवलेल्या आयसीडी-१० या आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीच्या संशोधन-निकषांनी त्याच माणसांपैकी फक्त १६.६ टक्के.

मात्र हे हत्यार उलट्या दिशेनंही चालतं. प्रत्येक आक्रमक वागणुकीत मनोविकार शोधायचा म्हटलं, की औषधाची चिठ्ठी तयारच असते. २००८ मध्ये पीटर टायरर यांच्या गटानं बौद्धिक अक्षमता असलेल्या आणि आक्रमक वागणाऱ्या ८६ व्यक्तींवर हॅलोपेरिडॉल आणि रिस्पेरिडोन ही सायकोसिसवरची औषधं आणि प्लासिबो, म्हणजे औषध नसलेला बनावट डोस, यांची तुलना केली. आक्रमकता तिन्ही गटांत उतरली आणि सर्वांत जास्त उतरली ती प्लासिबोच्या गटात.

आणि एक भिंत अजून उभी आहे. १९७२ मध्येच स्कॉटलंडमधल्या डंडीतल्या अँड्र्यू रीड यांनी दाखवून दिलं होतं, की बुद्ध्यंक साधारण ४५ च्या खाली गेला की स्किझोफ्रेनियाचं निदान खात्रीनं करता येत नाही, कारण आवाज आणि भ्रम हे सांगितल्याशिवाय कळत नाहीत. नैराश्य झोप, वजन आणि हालचालींवरून गाठता येतं. आतल्या आवाजाला अशी बाहेरून मोजता येणारी खूण नाही. तीव्र अक्षमता असलेली व्यक्ती कोपऱ्याकडे टक लावून कान देत बसली, तर तिला काही ऐकू येतंय की तिला तिथे बसायला आवडतं, हे आईलाही सांगता येत नाही.