चित्राशेजारची पाटी आणि टेबलावरचं संत्रं

फेब्रुवारीत नागपुरातल्याच एका चित्रप्रदर्शनाला पुतणीला घेऊन गेलो होतो. एका तैलचित्रापाशी ती थबकली. काळ्याभोर पार्श्वभूमीतून एका म्हाताऱ्याचा अर्धा चेहरा पुढे आलेला, उरलेला अर्धा काळोखात बुडालेला. शेजारच्या पाटीवर चित्रकाराचं नाव, साल, ‘कॅनव्हासवर तैलरंग’ आणि शेवटी एक ओळ: ‘चिआरोस्क्युरोचा प्रभावी वापर’.

“काका, हे काय असते?”

मी तोंड उघडायच्या आत मागून एक गृहस्थ म्हणाले, “काही नाही बेटा, काळा रंग जास्त वापरला की तसं म्हणतात.”

मी गप्प बसलो, पण जन्मभर शाळेत पदार्थविज्ञान शिकवलेल्या माणसाला असं उत्तर घशाखाली उतरत नाही. काळा रंग कितीही वापरला तरी चित्र सपाटच राहू शकतं. शाळेच्या फळ्याला कोणी चिआरोस्क्युरो म्हणत नाही.

शब्द इटालियन आहे. ‘कियारो’ म्हणजे उजळ आणि ‘स्कूरो’ म्हणजे गडद. इटालियन लोक तिथे ‘च’ नव्हे, ‘क’ म्हणतात, म्हणून खरा उच्चार कियारोस्कूरो. मराठीत छायाप्रकाश म्हणतात आणि कला महाविद्यालयातली मुलं सरळ ‘लाइट अँड शेड’ म्हणतात. पाटीवर हा शब्द दिसला की समजायचं, चित्रकारानं वस्तूचा गोलवा आणि खोली रेषेनं नाही, उजेड कमी-जास्त करून उभी केली आहे. आणि त्यासाठी दिवा कुठे आहे हे त्यानं आधी पक्कं केलं आहे. तो दिवा चित्रात दिसेलच असं नाही. तो शोधणं हेच आपलं काम.

हे कसं होतं ते चित्रापुढे उभं राहून सांगणं अवघड, म्हणून त्या रात्री घरी एक संत्रं घेतलं. मृग बहाराची फळं बाजारात होतीच. जेवणाच्या टेबलावर पांढरा कागद, त्यावर संत्रं, खोलीतले सगळे दिवे बंद आणि डावीकडून, जरा वरून, मोबाइलचा टॉर्च.

टॉर्चकडे तोंड करून असलेला भाग लखलखीत दिसतो. तिथून उजवीकडे सरकावं तसा उजेड मंदावतो, पण सारख्या चालीनं नाही. प्रकाश सालीवर सरळ पडतो तिथे तो १०० धरू. साल त्याला ३० अंशांनी तिरपी झाली तर ८७ उरतो, म्हणजे डोळ्याला फारसा फरक नाही. ६० अंशांवर निम्मा, ५०. ८० अंशांवर १७ आणि ९० अंशांवर शून्य. दहावीच्या पुस्तकातला कोसाइन तो हाच. योहान लांबर्ट या शास्त्रज्ञानं १७६० मध्ये हा नियम मांडला. कारण साधं आहे. टॉर्चच्या उजेडाची एक वीतभर झोत तिरप्या पृष्ठभागावर पडली की जास्त जागेवर पसरते, आणि पसरली की पातळ होते. तोच हिशेब पाहिला की गोलाच्या मध्यभागी उजेड बराच वेळ टिकून राहतो आणि कडेला येताच धाडकन ढासळतो. चित्रकाराला ही आकडेमोड माहीत असण्याची गरज नाही, पण गालावर रंग लावताना त्याचा ब्रश हाच क्रम पाळतो. सारख्या चालीनं फिका-गडद केला तर गाल तसा गोल वाटत नाही.

आता उजेड आणि अंधार जिथे भेटतात ती रेषा बघा. संत्र्याच्या सालीवरची ती बारीक बारीक छिद्रं उजळ भागात जवळजवळ दिसत नाहीत, अगदी काळोखातही दिसत नाहीत. पण या रेषेजवळ प्रत्येक खळगा वेगळा मोजता येतो, कारण तिथे प्रकाश साल घासत जातो आणि चिमूटभर उंचवटाही सावली टाकतो. चंद्राचे खड्डे अर्ध्या चंद्राच्या मध्यरेषेवर सर्वांत उठून दिसतात ते याचमुळे. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्याही नेमक्या तिथेच होत्या, गालाच्या मध्यावर. चित्रकार कुशल होता म्हणायचा.

आणि आता गंमत. संत्र्याची सर्वांत काळी जागा कुठे? पुतणी म्हणाली, टॉर्चच्या विरुद्ध बाजूला, अगदी उजव्या कडेला. नाही! ती आहे त्या भेटीच्या रेषेला लागूनच पलीकडे. उजवी कड त्यापेक्षा थोडी उजळ असते, कारण पांढऱ्या कागदावर पडलेला उजेड परतून संत्र्याच्या खालच्या उजव्या बाजूला लागतो. कागद काढून काळा रुमाल पसरला तर ही उजळी लगेच मावळते. लाल कापड ठेवलं तर तिला तांबूस झाक येते. जुन्या चित्रात हनुवटीच्या खाली, सावलीतच, एक मऊ परतीचा उजेड दिसतो, तो हाच. तो नसेल तर चेहरा कापून चिकटवल्यासारखा वाटतो. शेवटी ट्यूबलाइट लावली आणि संत्रं पुन्हा नुसतं नारिंगी झालं. गोलवा संपला.

इथवर निसर्गाचं काम झालं. चित्रकाराची अडचण यापुढे सुरू होते. खऱ्या खोलीत दिव्याची ज्योत आणि टेबलाखालचा कोपरा यांच्यातला फरक हजारो पटींचा असतो. कॅनव्हासवर मात्र पांढऱ्यातला पांढरा रंग अंगावर पडलेल्या १०० भाग उजेडापैकी फार तर ९० परत करतो, आणि काळा शून्यावर कधीच जात नाही. सुकलेल्या तेलासारख्या पदार्थाच्या पृष्ठभागावरूनच ४ भाग थेट उसळतात; आतला काळा कितीही काळा असो. समजा, आतला रंग स्वतः फक्त १ भाग परत करतो. मग खडबडीत, मॅट पृष्ठभागाचा काळा एकूण ५ भाग देतो. ९० भागिले ५, म्हणजे १८ पट. हजारो पटींचा संसार या अठरा पटीत मांडायचा!

इथे आपली काळी माती मदतीला येते. वैशाखात वर्धा रोडच्या बाजूची शेतं राखाडी दिसतात आणि पहिल्या पावसाचे चार थेंब पडले की तीच माती कोळशासारखी होते. पाण्यात रंग नसतो. कोरड्या मातीत कणाकणांत हवा असते, आणि कण व हवा यांच्या प्रत्येक सीमेवर उजेड विखरून डोळ्याकडे परततो. पाणी त्या फटी भरतं, सीमा पुसट होतात, उजेड खोल शिरतो आणि मातीच त्याला गिळते. तैलरंगात तेल हेच करतं, आणि वरून लावलेलं वार्निश आणखी एक काम करतं. ते खडबडीत पृष्ठभाग आरशासारखा सपाट करतं. मग ते ४ भाग चहूकडे विखरत नाहीत, एकाच दिशेनं जातात. तुम्ही त्या दिशेत उभे नसाल तर काळा फक्त १ भाग दिसतो. पांढऱ्यातूनही ते ४ भाग वजा होऊन ८६ उरतात, आणि ८६ भागिले १ म्हणजे ८६ पट. त्याच दिशेत उभे असाल तर काळोखाच्या जागी ट्यूबलाइटची पांढरी पट्टी दिसते आणि चित्र गेलं कामातून. पुतणीला सांगितलं ते एवढंच: डोळ्यांत चमक येत असेल तर दोन पावलं बाजूला हो, किंवा बस.

तरी ८६ पटसुद्धा हजारो पटींपेक्षा कितीतरी कमी. म्हणून चित्रकार दुसरी लबाडी करतो. डोळा उजेड मोजत नाही, शेजाऱ्याशी तुलना करतो. शंभरातले ऐंशी भाग कॅनव्हास गडद ठेवला आणि अस्सल पांढरा फक्त कपाळाच्या एका टिकलीपुरता राखला, की ती टिकली दिव्यासारखी पेटते. इटालियन चित्रकार काराव्हाज्योचं ‘सेंट मॅथ्यूला पाचारण’ (१५९९-१६००) हे रोमच्या सान लुईजी देई फ्रांचेझी चर्चमधल्या एका चॅपेलमध्ये, म्हणजे छोट्या प्रार्थनाकक्षात, आहे. त्यात भिंतीवर एक खिडकी रंगवलेली आहे, पण तिच्यातून काहीच उजेड येत नाही. खोली उजळते ती उजवीकडून, चौकटीबाहेरच्या अदृश्य जागेतून, आणि चॅपेलची खरी खिडकीही त्याच बाजूला आहे. चित्राचा बहुतेक भाग काळोखच करून टाकणाऱ्या या टोकाच्या प्रकाराला जाणकार टेनेब्रिझम म्हणतात, पण पाट्या लिहिणारे अनेकदा दोन्हींना एकच नाव देतात. लाकडी ठशांचं छापील चित्र असेल तर तोच शब्द वेगळ्या अर्थानं येतो: एकाच रंगाच्या फिक्या-गडद छटांसाठी एकावर एक वेगवेगळे ठसे छापण्याची ती पद्धत.

आपल्याकडे गोलवा दाखवायची कला होतीच, हे राहून जायला नको. विष्णुधर्मोत्तर या जुन्या संस्कृत ग्रंथात छटा देण्याला वर्तना म्हटलं आहे आणि तिचे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यातला बिंदुज म्हणजे ठिपक्यांचा. अजिंठ्यात गाल आणि खांदे असेच फुगवलेले दिसतात. पण तिथे एकच दिवा नाही, जमिनीवर पडलेली सावलीही नाही. म्हणून त्याला कियारोस्कूरो म्हणण्याचा आग्रह कशाला धरायचा? ते वेगळं आहे, आणि तसंच छान आहे.

एक धोका मात्र लक्षात ठेवा. सगळा काळोख चित्रकाराचा नसतो. वार्निश जुनं झालं की पिवळं-तपकिरी होतं. डच चित्रकार रेम्ब्राँटच्या १६४२ च्या मोठ्या चित्राला लोक ‘नाइट वॉच’ म्हणू लागले ते अठराव्या शतकाच्या अखेरीस, वार्निश काळवंडल्यावर. १९४० च्या दशकात ते उतरवलं तेव्हा तो प्रसंग दिवसाचा निघाला. ओळखायचं कसं? चित्रातले पांढरे बघा. कॉलर, कागद, कपाळाची चमक स्वच्छ असेल आणि भोवती काळं असेल, तर काळोख मुद्दाम ठेवलेला आहे. पांढरेही चहासारखे झाले असतील आणि निळं आकाश हिरवट दिसत असेल, तर ती म्हातारपणाची खूण.

आणि हो, त्या म्हाताऱ्याचे डोळे ‘आपल्या मागे फिरतात’ म्हणून दोन मुलं घाबरून हसत होती. यात कोणाचा आत्मा नाही. खरा चेहरा असता तर आपण बाजूला सरकताच त्याच्या नाकाचा आणि कानाचा दिसणारा भाग बदलला असता, बुबुळाची जागा सरकली असती. सपाट कॅनव्हासवर यातलं काहीच हलत नाही, म्हणून जो सरळ बघतो तो सगळ्यांकडेच सरळ बघतो. त्या मुलांना मी हे समजावलंही, पण कोसाइनपर्यंत पोचायच्या आत ती पळाली.

पुढच्या रविवारी पुतणी म्हणाली, “काका, पुन्हा चला ना.” ती चित्रापुढे उकिडवी बसली, मग डावीकडे दोन पावलं सरकली. काचेसारखी चमक निघून गेली.

“दिवा वर, डावीकडे,” ती म्हणाली. “आणि खाली काठीवर हात आहे, बघा. मागच्या वेळी दिसलाच नव्हता.”