गीतरत्नाचे रूपक: लाजेपोटी की श्रद्धेपोटी?

‘बायबलमधल्या गीतरत्नातला शृंगार अवघड वाटला, म्हणून धर्मगुरूंनी त्यावर रूपकाचं पांघरूण घातलं, हे खरं ना?’

यहुदी रब्बींच्या बाबतीत तरी हे पटण्यासारखे नाही. देव हा पती आणि इस्राएल ही त्याची पत्नी, ही प्रतिमा होशेय संदेष्ट्याने इ.स.पूर्व 8व्या शतकातच वापरली होती. गीतरत्नातले प्रियकर-प्रेयसी म्हणजे देव आणि इस्राएल, असा अर्थ लावताना रब्बींना ती तयार मिळाली. शिवाय लाजणारा माणूस अंगाचा उल्लेख टाळतो. ‘माझा प्रियकर गंधरसाची पुरचुंडी, माझ्या स्तनांमध्ये विसावणारा’ या गीतरत्नातल्या ओळीचा तालमूद या रब्बींच्या धर्मचर्चेच्या ग्रंथातील योमा प्रकरणातला अर्थ पाहा: यरुशलेमच्या मंदिराच्या गाभाऱ्यातील कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवलेली पवित्र पेटी, तिचे दोन दांडे पडद्याला आतून टेकून स्त्रीच्या स्तनांसारखे बाहेर उठून दिसत. येथे देह झाकलेला नाही, थेट गाभाऱ्यात नेला आहे. इ.स. 2ऱ्या शतकातील रब्बी अकिवा या ग्रंथाला ‘पवित्रांतील परमपवित्र’ म्हणत आणि मेजवानीत तो गाण्यासारखा आळवणाऱ्याला परलोकात वाटा नाही, असे बजावत. म्हणजे लोक तो तसा आळवत होते, हे ओघाने आलेच.

ख्रिस्ती लेखकांबद्दल मात्र आक्षेपात तथ्य आहे. 3ऱ्या शतकातील ओरिजेनने वधू म्हणजे चर्च किंवा आत्मा असे मानले, पण देहवासनेतून न सुटलेल्याने हे पुस्तक वाचूच नये, असा इशाराही दिला. तरीही केवळ संकोचच असता, तर 12व्या शतकात क्लेर्व्हो मठाचा प्रमुख बर्नार्ड याने त्यावर 86 प्रवचने रचली नसती, आणि तीही जेमतेम तिसऱ्या अध्यायाच्या आरंभापर्यंतच पोहोचणारी.