गरोदरपणातला हिवताप: ताप उतरल्यावरही वायवॅक्स यकृतात उरतो

गळीत हंगामात कराड-वाळव्याकडच्या ऊसतोड टोळ्यांमध्ये गरोदर बायाही असतात. समजा, त्यांतली एक पाचव्या महिन्यातली बाई हिवतापग्रस्त भागातून आली आहे. थंडी वाजून ताप आला, आशाताईंनी बोटातून रक्ताचा थेंब घेऊन काचपट्टी केली आणि त्यात वायवॅक्स या प्रकारचा हिवताप निघाला.

उपचार तीन दिवसांचा. पहिल्या दोन दिवशी क्लोरोक्विनच्या चार-चार गोळ्या, तिसऱ्या दिवशी दोन. पाकिटावर २५० मिलिग्रॅम लिहिलेले असते, त्यात मूळ औषध १५० मिलिग्रॅम असते. गोळ्या मोजताना इथे गोंधळ होतो. गोळ्या उपाशीपोटी घेतल्या की मळमळते. अर्ध्या तासात उलटी झाली, तर तो डोस पुन्हा पूर्ण द्यावा लागतो. हे औषध गरोदरपणात चालते.

ताप उतरतो, बाई पुन्हा फडात जाते. दीड-दोन महिन्यांनी परत हुडहुडी भरते. नवा डास चावलाच असेल असे नाही. वायवॅक्सचे काही जंतू यकृतात झोपून राहतात आणि क्लोरोक्विन फक्त रक्तातले जंतू मारते. झोपलेल्यांना मारणारे प्रायमाक्विन एरवी चौदा दिवस देतात, पण गरोदर बाईला ते देता येत नाही. पोटातल्या बाळात जी-सिक्स-पीडी हे विकर कमी असेल, तर त्याच्या तांबड्या पेशी फुटू शकतात, आणि ते आधी कळायला सोपा मार्ग नाही.

ताप उलटला की दर खेपेस आईच्या तांबड्या पेशी फुटतात. आधीच हिमोग्लोबिन कमी असलेल्या बाईला हे फार महागात पडते. बाळाची वाढ खुंटते, जन्माचे वजन अडीच किलोच्या खाली जाऊ शकते, दिवस भरण्याआधी प्रसूतीही होऊ शकते. म्हणून पहिल्या उपचारानंतर प्रसूतीपर्यंत आठवड्यातून एकदा क्लोरोक्विनच्या दोन गोळ्या देता येतात. डॉक्टरांना हे आवर्जून विचारावे. झोपलेले जंतू त्याने मरत नाहीत, पण जागे होऊन रक्तात आले की तिथे दबतात. प्रायमाक्विनचे बाळंतपणानंतर बघायचे. त्याआधी आईची जी-सिक्स-पीडी तपासणी हवी, आणि अंगावर पिणाऱ्या बाळाचाही विचार करावा लागतो.

फॅल्सिपेरम हा हिवतापाचा दुसरा प्रकार निघाला तर उपचार वेगळा, आणि तातडीचा. त्याचे जंतू वारेत चिकटून बसतात, त्यामुळे बोटाच्या रक्तात ते कधीकधी दिसतही नाहीत. पहिली तपासणी कोरी आली आणि ताप राहिला, तर पुन्हा काचपट्टी करावीच. गुंगी, धाप, काळपट लघवी किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर आरोग्य केंद्रात न थांबता थेट मोठ्या दवाखान्यात न्यावे.

हिवतापाचा डास रात्री चावतो, म्हणून कोपीतही औषधी मच्छरदाणी रोज लावावी आणि कडा अंथरुणाखाली खोचाव्यात. टोळी गाव बदलते तेव्हा उपचाराची नोंद माता-बाल संरक्षण कार्डावर लिहून घ्यावी. पुढच्या केंद्रातल्या डॉक्टरांना त्यावरूनच कळते की हा वायवॅक्स उलटलेला असू शकतो.