दोन वास्तव क्रमिका, एक संमिश्र एफएफटी: पार्श्वभूमी

कागदावर डीएफटी काढण्याच्या काळात संमिश्र संख्यांची गरजच पडत नसे. क्ष-किरणांच्या विकिरणाची मोजमापे वास्तव असत आणि उत्तरेही कोसाइन व साइन यांच्या गुणकांत मांडली जात. १९४२ मधल्या एका लेखात याच मांडणीने ६४ गुणक सुमारे १४० मिनिटांत हाताने काढता येतात, असा अंदाज दिलेला आहे. १९६५ साली एफएफटी संगणकासाठी नव्याने मांडली गेली ती मात्र संमिश्र क्रमिकेसाठी. वास्तव क्रमिका असेल तर काल्पनिक भागात शून्ये भरावी लागत, म्हणजे निम्मी स्मृती आणि जवळपास निम्मी आकडेमोड शून्यांवर खर्च होई. दोन क्रमिका एकत्र बांधण्याची युक्ती या उधळपट्टीवरचा उपाय म्हणून आली आणि १९७० पर्यंत ती छापील लेखांत रुळली होती.

युक्तीचा आधार एवढाच, की N लांबीची क्रमिका x वास्तव असेल तर तिच्या वर्णपटात, म्हणजे X मध्ये, X[N−k] ही X[k] ची संयुग्मी संख्या असते. ही संमिती वर्णपटातली आहे, मूळ क्रमिकेतली नव्हे. ‘सम-विषम विभागणी’ या नावामुळे अनेकांची गल्लत होते ती इथेच. z = x + iy घेऊन एकदाच एफएफटी काढली की पुढील सूत्रांनी दोन्ही वर्णपट वेगळे होतात:

```
X[k] = (Z[k] + conj(Z[(N-k) mod N])) / 2
Y[k] = (Z[k] - conj(Z[(N-k) mod N])) / (2i)
```

x = 1, 2, 3, 4 आणि y = 1, 1, 0, 0 घेतले तर Z च्या चार किमती 10+2i, −1+3i, −2 आणि −3−i येतात. k = 1 साठी जोडीदार Z[3], त्याची संयुग्मी −3+i. बेरजेच्या निम्मे −2+2i हे X[1] आणि वजाबाकीला 2i ने भागून येणारे 1−i हे Y[1]. k = 0 चा जोडीदार तो स्वतःच असल्याने 10 हे X[0] आणि 2 हे Y[0] थेट वाचता येते. सूत्रातला mod N विसरला की पहिल्याच पदाला Z[N] हे अस्तित्वात नसलेले स्थान वाचले जाते, आणि ही चूक आजही नव्या कोडमध्ये सापडते.

वाद झाला तो वेगळ्याच प्रश्नावर: दोन क्रमिका बांधायच्या, की एफएफटीच्या आतच संमिती वापरून वास्तव क्रमिकेसाठी खास अल्गोरिदम लिहायचा? असा खास अल्गोरिदम १९६८ पासून उपलब्ध होता, पण त्याची अनुक्रमणी किचकट होती, तर बांधणीसाठी आधीची संमिश्र एफएफटी जशीच्या तशी चाले. १९८३ नंतर हार्टली रूपांतर पुढे आले, त्याच्या जलद रूपाचे पेटंटही घेतले गेले आणि वास्तव मोजमापांसाठी तेच योग्य, असा प्रचार झाला. १९८७ च्या एका लेखाने मोजदाद मांडली: खास अल्गोरिदमला संमिश्र एफएफटीच्या बरोबर निम्मे गुणाकार लागतात आणि बेरजा निम्म्याहूनही N−2 ने कमी. बांधणीत गुणाकार तेवढेच, पण विभक्तीकरणामुळे प्रत्येक क्रमिकेमागे बेरजा निम्म्याहून N−2 ने जास्त. म्हणजे दोहोंतला फरक 2(N−2), N = १०२४ असेल तर २,०४४ बेरजा. कागदावर निकाल लागला खरा. पण माझ्या मते बेरजा मोजणे हा त्या वादाचा दुबळा भाग होता, कारण हार्डवेअरमधला एफएफटी घटक तयार संमिश्र रूपात मिळतो, तेव्हा तिथे बांधणीच सोयीची ठरते.

बांधणीचा खरा दोष अचूकतेत आहे आणि त्याची चर्चा त्या मानाने कमी झाली. Z मधली पूर्णांकन-चूक मोठ्या क्रमिकेच्या प्रमाणात असते आणि विभक्तीकरणात ती दोन्हींत वाटली जाते. एकेरी अचूकतेत सुमारे सात अंक विश्वासार्ह असतात. x ही y च्या एक लाख पट असेल तर Y मध्ये जेमतेम दोन अंक उरतात. तपासणी सोपी आहे: x मध्ये मोठी साइन लहर आणि y मध्ये शून्ये भरावीत. Y मध्ये त्याच बिनमध्ये लहानसे शिखर दिसले तर ती गळती आहे. म्हणून बांधण्याआधी दोन्ही क्रमिका जवळपास सारख्या आवाक्यात आणाव्यात आणि नंतर तो गुणक परत काढावा.

स्टीरिओ ध्वनीवर एकच वास्तव फिल्टर लावताना मात्र विभक्तीकरणच वगळता येते. डावा चॅनेल वास्तव भागात आणि उजवा काल्पनिक भागात ठेवून Z ला फिल्टरच्या वर्णपटाने गुणावे व उलटे रूपांतर करावे. फिल्टरचे गुणक वास्तव असल्याने दोन्ही भाग आपापल्या जागी गाळून परत येतात.