सात टक्के मीठ, पण कितीत?

परवा मावशीने दोन फोटो पाठवले. शेवेच्या दोन पुड्यांची पाठ, खाली एक ओळ: "काकांना बीपी आहे. ह्यातली कुठली आणू? पहिलीत मीठ कमी दिसतंय." पहिल्या पुड्यावर सोडियमसमोर ७ टक्के होते, दुसऱ्यावर १०. मावशीचं बरोबरच वाटत होतं.

पण दोन्ही फोटोंत तक्त्याचा वरचा भाग कापला गेला होता, आणि खरी गोम तिथेच असते. पुन्हा पूर्ण फोटो मागवले. पहिल्या पुड्यावर छापलं होतं: एक सर्व्हिंग १५ ग्रॅम. दुसऱ्यावर: ३० ग्रॅम. म्हणजे ७ टक्के अर्ध्या मुठीचे होते आणि १० टक्के त्याच्या दुपटीचे.

हे टक्के येतात कुठून? एफएसएसएआयच्या २०२० च्या लेबलिंग नियमांनुसार सर्वसाधारण प्रौढ माणसासाठी दिवसाचे काही आकडे ठरलेले आहेत: २००० किलोकॅलरी ऊर्जा, २२ ग्रॅम संपृक्त चरबी, ५० ग्रॅम वरून घातलेली साखर, २००० मिलिग्रॅम सोडियम (म्हणजे साधारण ५ ग्रॅम मीठ) वगैरे. एका सर्व्हिंगमधून त्यातलं किती पोटात जातं, तेवढेच टक्के छापतात. सोडियमचा आकडा ही मर्यादा आहे, गाठायचं लक्ष्य नव्हे. शंभर टक्के भरले म्हणून आनंद मानायचं काही कारण नाही. आणि हिशेब प्रौढाचा, त्यामुळे पाच वर्षांच्या नातवाला तो लावायचा नाही.

आता सर्व्हिंग. आपल्याकडे ते किती ग्रॅमचं धरायचं, हे कंपनीच ठरवते. ते लहान धरलं की टक्केही आपोआप लहान होतात. यात खोटं काही नाही, पण शेव १५ ग्रॅमवर थांबवणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही.

म्हणून तुलना करताना नजर १०० ग्रॅमच्या रकान्यावर न्यायची. तिथे पहिल्या शेवेत सोडियम ९०० मिलिग्रॅम होतं, दुसरीत ६६०. दोन्ही ३० ग्रॅम खाल्ल्या असं धरलं, तर पहिलीतून २७० मिलिग्रॅम, म्हणजे जवळपास १४ टक्के. दुसरीतून १९८, म्हणजे १० टक्के. कमी खारट निघाली ती दुसरीच.

मावशीला तसं कळवणार, तेवढ्यात खालची ओळ दिसली. संपृक्त चरबी पहिलीत १०० ग्रॅमला ९ ग्रॅम, दुसरीत १५. घटकांची यादी पाहिली तर दुसरीत पाम तेल होतं. तीस ग्रॅमचा हिशेब केला तर पहिलीची चरबी १२ टक्क्यांवर, दुसरीची २० टक्क्यांवर. मिठात जिंकलेली शेव तेलात हरली. कुठली चांगली, याचं उत्तर तक्ता देत नाही. आपण कशासाठी विचारतोय, त्यावर ते ठरतं.

शंभर ग्रॅमचा रकाना मात्र एकाच जातीच्या पदार्थांसाठी. लोणचं आणि ब्रेड त्यावर तोलले तर लोणचं भयंकर दिसेल, पण लोणच्याची फोड आपण १० ग्रॅमची घेतो आणि ब्रेडच्या चार स्लाइस सहज संपतात. तिथे आपल्या ताटातल्या वजनानेच हिशेब करावा. सूपच्या पावडरचंही तसंच: एका पाकिटावर आकडे कोरड्या पावडरीचे असतात, दुसऱ्यावर तयार सूपचे, आणि पाणी मिसळलेल्याचे आकडे अर्थातच सौम्य दिसतात.

अमेरिकेतून कोणी पुडा आणला तर आणखी एक भानगड. तिथे सोडियमची दैनिक मर्यादा २३०० मिलिग्रॅम धरतात. त्यामुळे २३० मिलिग्रॅम तिकडे १० टक्के, इकडे साडेअकरा. अशा वेळी टक्के सोडून थेट मिलिग्रॅम जुळवावेत. तिकडे सर्व्हिंगही कंपनीच्या मर्जीवर नसतं. चिप्ससारख्या खाऊसाठी सरकारने ३० ग्रॅमचं प्रमाण आधार म्हणून ठरवून दिलंय.

घरात वजनकाटा नसेल तरी अडत नाही. मावशीला विचारलं, पुडा किती जणांत संपतो? "चौघांत, चहाबरोबर, एका बैठकीत." पहिला पुडा २०० ग्रॅमचा. म्हणजे माणशी ५० ग्रॅम, ४५० मिलिग्रॅम सोडियम, साडेबावीस टक्के. छापलेल्या सातच्या तिप्पट.

मावशीचं उत्तर आलं: "मग दोन्ही नको. चुरमुरे भाजते, मीठ माझ्या हातात."